आधी नाव, मग पैसे

आमच्या श्राविका मंडळाच्या मुलींच्या वसतिगृहाचं पावती पुस्तक ज्यांनी हाताळलंय, त्यांना ठाऊक आहे की त्यात एकाच क्रमांकाचे दोन कागद असतात. एक फाडून दात्याला द्यायचा, दुसरा पुस्तकातच राहतो. ती स्थळप्रत. तिच्यावर नाव, गाव, रक्कम आणि 'कशासाठी' असा एक रकाना. २०२३ साली मंडळाची वेबसाइट करायचं ठरलं, तेव्हा माझा हट्ट एवढाच होता की संगणकावरही स्थळप्रत राहिली पाहिजे. बाकी रंग-चित्रं काय हवी ती करा.

वेबसाइट भाच्याने करून दिली. पहिल्या पानावर त्याने मुलींचा मोठा फोटो टाकला आणि शेजारी बँकेचा क्यूआर कोड. म्हणाला, "मावशी, लोकांना फार दाबादाबी नको असते. क्यूआर दिसला की मोबाइल काढतात आणि पैसे टाकतात."

टाकतात हे खरंच. पण पुढे काय होतं ते मी एका मंडळाच्या मांडवात पाहिलेलं होतं. दशलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी, त्यांनी असाच क्यूआर खांबाला चिकटवला होता. संध्याकाळपर्यंत खात्यात पुष्कळ रकमा जमा झाल्या. त्यांतल्या कितीतरी पाचशे एक रुपयांच्याच. बँकेच्या उताऱ्यात नाव अर्धंमुर्धं आणि पुढे लांबलचक आकडा. पत्ता नाही, पॅन नाही, पैसे आहारदानाला दिलेत की औषधदानाला तेही नाही. त्यांच्या कोषाध्यक्ष काकू महिनाभर फोन करत बसल्या होत्या, "अहो, ते पाचशे एक तुमचे का हो?"

म्हणून आमच्या पानावर क्रम उलटा केला. आधी अर्ज, मग पैसे. अर्ज भरल्याशिवाय क्यूआर दिसतच नाही. पण मग अर्ज लहान हवा, नाहीतर माणूस मध्येच सोडून जातो. आम्ही नाव, पत्ता, मोबाइल आणि 'कशासाठी' एवढंच ठेवलं. पॅन आणि ईमेल मागायचे ते 'मला आयकर सवलतीचं प्रमाणपत्र हवं आहे' या चौकटीत टिक केली तरच. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यालाच ८०-जीचा उपयोग. नव्या करपद्धतीत ती वजावट मिळत नाही. मग सगळ्यांकडून पॅन कशाला उगाळत बसायचं?

हे प्रमाणपत्र म्हणजे आपली पावती नव्हे. पावती लगेच मिळते. पण सवलतीसाठी संस्थेने वर्षभराच्या देणग्यांचं विवरण, फॉर्म १०-बीडी, आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरायचं असतं. ते भरल्यावर तिथूनच प्रत्येक दात्याच्या नावाचा १०-बीई निघतो. (नव्या कायद्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. आपल्या सीएंना विचारून चालू क्रमांक पानावर टाकावेत.) पॅनमधलं एक अक्षर चुकलं तरी त्या दात्याची सवलत अडकते. म्हणून देणगीच्या बटणाखालीच साध्या मराठीत लिहून टाकलं: पावती आज, प्रमाणपत्र मेअखेरपर्यंत. आणि दोन हजारांच्या वरची रोख देणगी सवलतीस पात्र नाही. या दोन वाक्यांनी मार्चअखेरचे निम्मे फोन वाचले असतील.

आता एक हजार रुपये कुणी नेटबँकिंगने दिले असं धरू. मधली कंपनी, समजा, दोन टक्के कापते, म्हणजे वीस रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, तीन रुपये साठ पैसे. आपल्या खात्यात येतात ९७६ रुपये ४० पैसे. पावती कितीची द्यायची? हजाराचीच. दात्याने हजार दिले. कापलेले तेवीस रुपये साठ पैसे हा संस्थेचा खर्च, तो खर्चाच्या बाजूला लिहायचा. खात्यात आलं तेवढ्याचीच पावती दिली तर दात्याचा कागद आणि आपली वही कधीच जुळत नाहीत.

'कशासाठी' या रकान्यावर बैठकीत सगळ्यांत जास्त वेळ गेला. कुणी बारा नावं सुचवली: गाद्या, पंखे, ग्रंथालय, वार्षिक स्नेहसंमेलन. मला ते पटेना. दात्याने एका कारणासाठी दिलेला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. पंख्यांना लागतील त्याहून जास्त पैसे आले तर ते पंख्यांतच अडकून राहणार, आणि स्वयंपाकघरात गॅस संपलेला. शेवटी आपल्या घरातलीच नावं घेतली. आहार, औषध आणि शास्त्र ही तीन दानं. शास्त्रात शाळेची पुस्तकं आणि फी आली. चौथं अभयदान आहेच, पण त्याचं बिल कसलं करणार? त्या जागी 'जिथे गरज असेल तिथे' असं ठेवलं आणि तेच आधीपासून निवडलेलं ठेवलं. कायम निधी मात्र वेगळा. त्याची मुद्दल खर्चायची नसते आणि दात्याने तसं स्पष्ट सांगावं लागतं, म्हणून त्याला निराळी चौकट.

गुप्तदानाचं काय, हा प्रश्न आमच्याकडे येणारच होता. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, नाव मागणं म्हणजे दानाचं पुण्य घालवणं. बस्तीतल्या भांडारात कुणी काय टाकलं ते कुणी विचारत नाही. बरोबर आहे, पण निव्वळ धार्मिक संस्थेला त्यात जी सूट आहे ती शिक्षणाच्या न्यासाला नाही. आमच्यासारख्याकडे निनावी रकमा एका मर्यादेच्या वर गेल्या की त्यावर तीस टक्के कर. तोडगा साधा निघाला. 'माझं नाव कुठेही जाहीर करू नये' अशी एक टिक. नाव वहीत राहतं. फलकावर, वार्षिक अहवालात, वेबसाइटवर कुठेच येत नाही. गुप्तता जगापासून, हिशेबनीसापासून नव्हे. मला तर वाटतं, ही टिक करणाऱ्यांचं दान फलकवाल्यांपेक्षा जास्त गुप्त आहे.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी एक निराळी ओळ लागते. तिकडच्या भाचीने अक्षय्य तृतीयेला आहारदानासाठी पैसे पाठवू का म्हणून विचारलं. मी विचारलं, "पासपोर्ट कुठला तुझा?" तिला हसूच आलं. पण प्रश्न तोच आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशात राहून आपल्या बचतीतून, रीतसर बँकेमार्गे दिलं तर ती परकीय देणगी धरत नाहीत. पासपोर्ट तिकडचा झाला, मग माणूस आपल्या पोटचा का असेना, रक्कम रुपयांत का असेना, ती परकीय देणगी. तिला एफसीआरएची नोंदणी लागते आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खास खातं लागतं. आमच्याकडे ती नोंदणी नाही. म्हणून अर्जात वरतीच विचारलंय, 'आपण भारतीय नागरिक आहात का?' नाही म्हटलं की पैशाचं पान उघडत नाही, आभाराचा मजकूर येतो. आलेले पैसे परत करत बसण्यापेक्षा न घेतलेले बरे.

गोष्टींच्या पानाबद्दल मला जरा सावकाश सांगायचंय. देणगीच्या पानाला गोष्ट लागते, कारण 'आहार' एवढ्या शब्दाने कुणाचा हात खिशात जात नाही. पण बहुतेक ठिकाणी गोष्ट म्हणजे मुलीचा फोटो, पूर्ण नाव, गाव, वडील काय करतात आणि 'अत्यंत हलाखीची परिस्थिती'. दुसऱ्या एका संस्थेत शिकलेली मुलगी मला भेटली, आता नर्स आहे. लग्नाचं बोलणं चालू असताना मुलाकडच्यांनी तिचं नाव गूगलवर टाकलं, तर पहिलं तेच पान. वडिलांच्या दारूसकट. तिने विनंती केल्यावर संस्थेने पान काढलं, पण पानाच्या पत्त्यातच तिचं नाव होतं, फोटोच्या फाइललाही तेच नाव. शोधात ते पुढेही दिसत राहिलं. जुना निकाल काढून टाका अशी विनंती गूगलकडे करता येते, ती शेवटी तिने स्वतः केली. लोकांनी एकमेकांना पाठवलेले फोटो मात्र कोण परत आणणार?

म्हणून आमच्या गोष्टी मुलींच्या नाहीत, कामाच्या आहेत. पहिली गोष्ट दुसऱ्या मजल्यावरच्या पाण्याची. पाणी वर चढत नव्हतं, चाळीस मुली पहाटे बादल्या घेऊन जिन्यात उभ्या राहायच्या, आणि दहावीच्या मुलींचा अभ्यासाचा तास तिथेच जायचा. टाकी आणि पंप बसवले, खर्च किती आला, त्यातलं देणगीतून किती, आणि गच्चीची गळती अजून बाकी आहे. फोटोत जिना, बादल्या आणि पाठमोऱ्या वेण्या. पानाचा पत्ता असा:

```
/katha/dusra-majla-pani
```

यात कुणाचं नाव नाही, त्यामुळे उद्या काही बदललं तरी कुणाला धक्का नाही. 'अजून बाकी आहे' ही ओळ काही जणींना नको होती, कमीपणा वाटतो म्हणून. मी ती ठेवायला लावली. त्याच ओळीखाली देणगीचं बटण आहे, आणि ते दाबलं की 'कशासाठी' आपोआप भरलं जातं. गळती थांबली की बटण निघतं, गोष्ट राहते.

एखादीला स्वतःहून लिहायचं असेल तर ती अठरा पूर्ण झाल्यावर लिहिते, नाव घालायचं की नाही तेही तीच ठरवते. त्याआधी पालकांची लेखी संमती असली तरी आम्ही चेहरा घालत नाही. चिकोडी-अथणीकडचे पालक वसतिगृहाच्या बाई सांगतील तिथे सही करतात. अशा सहीला मी संमती म्हणत नाही. संमतीचा कागद कन्नडमध्ये केला तो याचसाठी. त्यांना मराठी बोलता येतं, पण वाचायला कन्नडच बरं पडतं.

स्वयंसेवकांचं पान छोटं आहे. आधी त्यात 'आपण काय मदत करू शकाल?' अशी मोकळी चौकट येणार होती. मी म्हटलं, तिथे सगळे 'काहीही' लिहितील, आणि काहीही करणाऱ्याला कुठे बसवायचं? त्याऐवजी कामं लिहिली: मंगळवारी ५ ते ६, दहावीचं गणित, दोन जणी, फेब्रुवारीअखेरपर्यंत. महिन्यातून एकदा औषधांच्या तारखा तपासणं, एक जण. जागा भरली की ते काम पानावरून जातं. अर्ज आला की दोन दिवसांत फोन जातो, आणि तो करण्याचं काम एकीच्याच नावावर आहे. सगळ्यांचं काम असतं तेव्हा ते कुणीच करत नाही. मुलींचं वसतिगृह असल्याने ओळखपत्र आणि ओळखीच्या दोन माणसांची नावं घेतल्याशिवाय, सोबत कुणी असल्याशिवाय, कुणालाही आत सोडत नाही. हेही पानावर लिहिलंय. काहींना राग येतो. येऊ दे.

गणिताच्या दोन्ही जागा भरल्यात. औषधांची एक अजून रिकामी आहे.