शत्रूच्या तोंडी साधं वाक्य

रामशेजचा वेढा व्हिडिओ गेममध्ये आणायचं ठरलं, तेव्हा चढून येणाऱ्या मोगल शिपायांच्या आरोळ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. नाशिकच्या उत्तरेचा हा बुटका किल्ला १६८२ पासून पुढची काही वर्षं मोगली फौजेला पुरून उरला. तेव्हा त्याच्यावर चालून येणारा शिपाईही तोलामोलाचा वाटला पाहिजे, असं मला मनापासून वाटत होतं. माझं मत ठाम होतं: तीच आरोळी पुन्हा ऐकू आली की खेळणारा विटतो, म्हणून प्रत्येक प्रसंगाला वाक्यं भरपूर हवीत आणि एकेक वाक्य झणझणीत हवं. आता मला नेमकं उलट वाटतं.

‘तुझ्या रक्तानं ही पायरी धुऊन काढीन!’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकताना अंगावर येतं. दुसऱ्यांदा ते ओळखू येतं आणि तिसऱ्यांदा शिपायाचं यंत्र होतं. उलट ‘डावीकडं बघ!’ दहादा कानावरून गेलं तरी खटकत नाही, कारण कान त्यातली खबर घेतो आणि शब्द सोडून देतो. २०११ साली आलेल्या ‘स्कायरिम’मधला पहारेकरी गुडघ्यात बाण लागल्याची आपली कहाणी सांगतो. ते वाक्य जगभर थट्टेचा विषय झालं ते वाईट होतं म्हणून नव्हे, लक्षात राहण्याजोगं होतं म्हणून. शिवाय रक्त आणि पायरीच्या त्या वाक्यातून खेळणाऱ्याला कळतं काय? शिपायानं त्याला पाहिलंय का, तो पळणार आहे का, त्याची बंदूक भरलेली आहे का, यातलं काहीच नाही.

माझं मत फिरवण्यात ‘फिअर’ या २००५च्या गेमचा मोठा वाटा आहे. त्यातल्या शत्रूंची बुद्धी रचणाऱ्या जेफ ऑर्किननं पुढच्या वर्षी त्याबद्दल सविस्तर लिहिलं. गोळी लागलेल्या शिपायानं कण्हण्याऐवजी दुसरा त्याला ‘काय हाल?’ असं विचारतो आणि तो ‘लागलंय’ किंवा ‘ठीक आहे’ असं सांगतो. वाक्यं साधीच, पण दोघांत वाटलेली. कोण विचारतो आणि काय उत्तर येतं, हे प्रसंगागणिक बदलतं आणि वैविध्य तिथून येतं, शब्दसंपत्तीतून नाही.

आमच्याकडे तोड्याची बंदूक होती. ती भरायला वेळ लागतो आणि खेळणाऱ्यानं झेप घ्यायची ती त्याच फटीत. आधी तिथे बंदुकीला शिव्या देणारी वाक्यं होती. ती काढून ‘बार भरतोय, सांभाळ!’ एवढंच ठेवलं आणि जवळ जोडीदार असेल तरच ‘भर, मी आहे!’ हे उत्तर. जोडीदार पडलेला असेल तर उत्तर येत नाही आणि शिपाई एकटा आहे हे खेळणाऱ्याला त्या गप्प राहण्यातूनच कळतं. गप्प राहण्याला असा अर्थ उरावा म्हणून आता आरोळी फक्त अवस्था बदलते त्या क्षणी वाजते, बदललेली अवस्था टिकून आहे तोवर नाही.

मराठीत एक अडचण निराळी आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘तो मला दिसत नाही’ यातलं शेवटचं ‘नाही’ बंदुकीच्या आवाजात बुडालं, तर ऐकणाऱ्याला उलटंच ऐकू येतं. म्हणून शोधाच्या अवस्थेत नकारार्थी वाक्य मी लिहीतच नाही; ‘गेला कुठं?’ लिहितो. सुरुवातीचं अक्षरही गोंगाटात हरवतं, तिथे ‘अरे’ किंवा ‘भाऊ’सारखी हाक पुढे ठेवतो, म्हणजे हरवलीच तर हाक हरवते. परीक्षा सोपी आहे. पडद्याकडे पाठ करून कुणाला तरी नुसता आवाज ऐकवायचा आणि शिपायाची अवस्था विचारायची. सांगता आली नाही तर वाक्य बाद.

तरीही चाचणी घेणारे म्हणत राहिले, ‘तेच तेच बोलतात.’ वाक्यं पत्त्यांसारखी पिसून, सगळी संपेपर्यंत एकही परत न लावण्याची सोय होती, मग हे कसं? शेवटी कारण सापडलं. खेळणारा बुरुजाखाली मरायचा, खेळ मागच्या टप्प्यावरून सुरू व्हायचा आणि गड्डीही त्याच क्रमानं पहिल्यापासून लागायची. दर वेळी पहिला शिपाई तेच पहिलं वाक्य म्हणायचा. जुन्या मताप्रमाणे मी आणखी वाक्यं लिहिली असती आणि त्यातली बहुतेक कुणाच्या कानावरच पडली नसती, कारण अवघड जागी माणूस पहिल्या अर्ध्या मिनिटातच पुन्हा पुन्हा मरतो. आम्ही गड्डीची आठवण मरणापलीकडे टिकवली आणि वाक्यं होती तेवढीच ठेवली.

एका जागी मात्र मी अजून जुन्या मताचा आहे. जोडीदार डोळ्यांदेखत पडल्यावर शिपायाच्या तोंडून जे निघतं, ते मला भरपूर आणि वेगवेगळं हवं असतं. तिथे खबर एकच असते, पण ओरडणारा माणूस दर वेळी निराळा असतो.