अकरा वर्षांनंतर पुन्हा शाळेत

डी.एड. झाल्यावर पाच वर्षे मी एका खासगी प्राथमिक शाळेत शिकवत होते. सासूबाईंना पक्षाघात झाला आणि मी नोकरी सोडली. त्याला अकरा वर्षे झाली. अम्मी आता काठी धरून चालतात, धाकटी मुलगी पाचवीत आहे. "मी पुन्हा नोकरी करू का?" असं विचारलं, तेव्हा मुलांचे अब्बा 'नाही' म्हणाले नाहीत. "बघू" म्हणाले. आठवडाभर तेच.

शेवटी मी म्हणाले, "तुमच्या मनात काय आहे ते एकेक सांगा."

पहिली काळजी अम्मींची. त्यांना सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन द्यावं लागतं. शाळा अकरा ते पाच, म्हणजे दोन्ही वेळा मी घरीच असणार. खरी अडचण दुपारची होती. जेवायला उशीर झाला की साखर उतरते, घाम येतो, हात थरथरतात. तेव्हा लगेच साखरपाणी द्यावं लागतं, म्हणून घरात कुणीतरी हवंच. जाऊबाई शेजारीच राहतात. त्या दुपारी अम्मींजवळ बसायला तयार झाल्या. जोहरच्या नमाजनंतर दुकान तासभर बंद ठेवून अम्मींबरोबर जेवायचं, हे ह्यांनी स्वतःहून सुचवलं.

दुसरी गोष्ट हे अडखळतच बोलले. "लोक म्हणतील, बायकोच्या कमाईवर घर चालतं." मी म्हणाले, "बायको कमावती असली तरी तिचा नफका, म्हणजे खाणं-कपडा-निवारा, शरीअतनं नवऱ्यावरच ठेवला आहे. तिची कमाई तिची. घरात दिली तर ती तिची खुशी. मग तुमची जबाबदारी कमी कुठे होते?" यावर हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हिशेब वेगळा ठेव. मी मागणार नाही."

हिशेबही मांडला. पगार 10,000. रिक्षा आणि भांडी-धुण्याची बाई मिळून 3,000. उरले 7,000.

पण अडचण माझ्या बाजूनेही होती. मी पहिल्यांदा नोकरीला लागले तेव्हा टीईटी नव्हती. महाराष्ट्रात ती 2013 पासून सुरू झाली. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी 30 गुण. दीडशेपैकी खुल्या प्रवर्गाला 90 हवेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. एकदा उत्तीर्ण झालं की प्रमाणपत्र आता कायमचं चालतं.

फजरनंतरचा एक तास मी गणिताला दिला आहे, कारण तेच सगळ्यात जास्त विसरले होते. त्या वेळी चहा हे करतात. मुलीचा डबा मात्र अजून मलाच भरावा लागतो; त्यावर आमचं बोलणं व्हायचं आहे. ठरलं आहे ते एवढंच: नोकरी लागली तर पहिली सहामाही करून बघायची. दुपारी अम्मींची साखर दोनदा जरी उतरली, तरी दोघांनी बसून पुन्हा विचार करायचा. नोकरी सोडायची हाच एक उपाय, असं मात्र आधीच ठरवायचं नाही.