अमेरिकेहून परतल्यावर सकाळचं ऊन टाळा



यंदा न्यू जर्सीहून लेकीकडून परतले तेव्हा पर्युषण दहा दिवसांवर होतं. मनात अठ्ठम करायचा होता. दिवसभर डोळे मिटताहेत आणि रात्री टक्क जाग, अशा अंगाने तीन उपवास कसे होणार? आणि प्रतिक्रमणात डुलक्या घेत बसणं मला पटत नाही. म्हणून या वेळी जेट लॅगचा नीट हिशेब मांडला.

घरी आल्या आल्या जाऊबाई म्हणाल्या, "उद्या पहाटे उठा आणि उन्हात फिरून या, एका दिवसात ठीक व्हाल." सगळे हेच सांगतात. दोन-तीन तासांच्या फरकाला हा सल्ला चालतो. पण उन्हाळ्यात न्यू जर्सी आणि पुणे यांत साडेनऊ तासांचा फरक असतो, आणि तिकडून इकडे येताना पहिल्या काही दिवसांत सकाळचं ऊन उलटं काम करतं.

असं का, ते सांगते. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेच अंगाचं मुख्य घड्याळ. ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं. नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी अंग सर्वांत गार असतं. या गार वेळेनंतर उजेड मिळाला तर घड्याळ पुढे सरकतं, म्हणजे पुढच्या दिवशी झोप आणि जाग लवकर येते. गार वेळेच्या आधी मिळाला तर ते मागे पडतं. रात्री उशिरापर्यंत लख्ख दिव्यात बसलं की झोप लांबते, ते यामुळेच.

आता माझा हिशेब. लेकीकडे मी सहाला उठत होते, म्हणून गार वेळ पहाटे साडेतीनच्या आसपास धरली. त्यात साडेनऊ तास मिळवले की पुण्यातली दुपारची एक वाजते. मी पुण्यात सकाळी सातला फिरायला निघाले असते, तेव्हा माझ्या अंगात रात्रीचे साडेनऊ वाजलेले होते. ते ऊन म्हणजे अंगाच्या दृष्टीने झोपायच्या वेळी डोळ्यांवर टाकलेला दिवा. मला घड्याळ पुढे न्यायचं होतं आणि त्या उजेडाने ते मागे गेलं असतं. उलट दुपारी दोनचा उजेड अंगाला पहाटे साडेचारचा, म्हणजे लवकर उठवणारा.

बी.कॉम.ची सवय जात नाही. हिशेबाच्या वहीत दोन रकाने आखले, एकात पुण्याची वेळ, दुसऱ्यात अंगाची. घड्याळ पुढे सरकतं ते दिवसाला साधारण तासभर, त्याहून फारसं नाही. म्हणून पहिल्या दिवशी थोडी सवड ठेवून दुपारी दोनपर्यंत पडदे लावून घरात राहिले, आणि दोननंतर बाल्कनीत भाजी निवडत बसले. दुसऱ्या दिवशी एकपासून, तिसऱ्या दिवशी बारापासून, असं रोज तासभर अलीकडे. सातव्या दिवशी सकाळी आठला बाहेर पडता आलं. ऑगस्टचे ढग होते, पण त्याने अडत नाही. ढगाळ आभाळाचा उजेडही घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. फक्त तो बाहेर बसूनच मिळतो.

यात सकाळचं व्याख्यान सुटलं, याचं वाईट वाटलं. चौथ्या दिवसापर्यंत स्थानकात गेले नाही, अंधाऱ्या खोलीतच सामायिक केली. ज्यांना जावंच लागतं त्यांनी तिथवर काळा गॉगल लावावा आणि खिडकीपासून लांब बसावं. लोक हसतील, हसू द्या.

सकाळी साडेसातला तर झोप अनावर होते, कारण अंगात रात्रीचे दहा वाजलेले असतात. पहिल्या दोन दिवशी मी नवकारशी पाळून दूध-खाकरा घेतला आणि अंधाऱ्या खोलीत गजर लावून दीड तास झोपले. दुपारी उजेडाची वेळ सुरू झाली की मात्र आडवं व्हायचं नाही. तेव्हा झोपलं तर उजेडही जातो आणि रात्रीची झोपही.

आपण योग्य दिशेला चाललोय का, हे ओळखायची खूण सोपी आहे. दिवसात सगळ्यात जड झापड केव्हा येते ते रोज लिहून ठेवा. मला पहिल्या दिवशी एकच्या सुमारास आली, मग बारा, मग अकरा. आमचे हे मात्र जाऊबाईंचं ऐकून रोज साडेसहाला टेकडीवर जात होते. त्यांची झापड उलट पुढे सरकली. चौथ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ते खुर्चीतच घोरत होते आणि पहाटे तीनला घरभर फिरत होते. तसंही घड्याळ लागतं शेवटी, पण साडेनऊ तास पुढे जाण्याऐवजी साडेचौदा तास मागे फिरून. मागे सरकणं शरीराला थोडं सोपं, दिवसाला दीडेक तास होतं, म्हणून दिवस जवळपास तेवढेच लागतात. पण मधले काही दिवस अंगाची रात्र नेमकी संध्याकाळवर येऊन पडते. प्रतिक्रमणाची आणि चौविहाराच्या जेवणाची तीच वेळ. माझी हरकत तिथे होती.

मुख्य घड्याळ उजेडावर चालतं, पण यकृताचं घड्याळ जेवणाच्या वेळेवरही लागतं. इथे आपला नियम कामाला येतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी तोंडात पहिला घास आणि सूर्यास्ताआधी शेवटचा, हे पुण्याच्या सूर्यावर पहिल्या दिवसापासून पाळलं. रात्री दोनला अंगात दुपारचे साडेचार वाजलेले असतात. पोट चहा-फराळ मागतं. पच्चक्खाण घेतलेलं असलं की फ्रिज उघडायचा प्रश्नच येत नाही. त्या वेळी दिवा न लावता पडून नवकार म्हणायचा. विमानातल्या कोरड्या हवेनंतर तहान मात्र लागते, म्हणून दुपारपासूनच उकळलेलं पाणी थोडं थोडं पीत राहावं. अर्थात ज्यांना इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांकडून डोसच्या वेळा लिहून घ्याव्यात. त्यांनी भूक दाबून पडून राहायचं नाही.

इकडून तिकडे जाताना त्रास कमी असतो, कारण घड्याळ मागे न्यायचं असतं. दुपारी अंगणात बसावं आणि संध्याकाळची झोप रेटून न्यावी. पाच-सहा दिवसांत बऱ्यापैकी बसतं.

लेकीने मेलाटोनिनच्या गोळ्या दिल्या होत्या. पूर्वेकडे येताना त्यांचा उपयोग होतो, पण त्या झोपायच्या वेळी घ्यायच्या असतात, आणि चौविहारात रात्री दहाला गोळी चालत नाही. शिवाय कॅप्सूल आणि गमीमध्ये अनेकदा जिलेटिन असतं, ते बाटलीवर वाचून घ्या. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. माझी बाटली अजून कपाटात तशीच आहे.

आठव्या दिवसापासून सकाळी टेकडीवर जाऊ लागले. नवव्या रात्री दहाला झोपले ती साडेपाचला उठले. दहाव्या दिवशी पर्युषण बसलं आणि शेवटच्या तीन दिवसांत अठ्ठम झाला. ह्यांनी एकासणे केले, आणि पहिल्या दोन प्रतिक्रमणांत मला त्यांना कोपराने ढोसावं लागलं.