सहा आठवड्यांची मुदत

सांगलीच्या हळद बाजारातील एका अडत पेढीवर तो अकरा वर्षे हिशेबनीस होता. वय छत्तीस. खतावणीत एका रुपयाचा फरक राहिला तरी घरी न जाणारा, अशी त्याची ख्याती. गेल्या पावसाळ्यापासून मात्र पहाटे तीनला त्याला जाग येऊ लागली. छातीत धडधडे, तळहातांना घाम सुटे, आणि भरलेल्या विवरणपत्रात काही चुकले असावे ही शंका उजाडेपर्यंत सोडत नसे. पेढीवर एकच बेरीज तो सात-आठ वेळा पडताळून पाही. काम वाढले नव्हते. त्याला लागणारा वेळ दुप्पट झाला होता. उधारीच्या वसुलीसाठी फोन उचलताच आवाज कापू लागला, तेव्हा तो प्रथम हृदयाच्या डॉक्टरांकडे गेला. ईसीजी निर्दोष होता, थायरॉइडची तपासणीही. त्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले आणि तेथे तीव्र चिंताविकाराचे निदान झाले.

औषध सुरू झाले. गुण दिसू लागण्यास काही आठवडे लागतील आणि पहिल्या दिवसांत अस्वस्थता थोडी वाढूही शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले. त्याने दीर्घ रजेचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, ‘‘घरी बसलात तर भीतीला मोकळे रान मिळेल. कामावर जा, पण ओझे थोडे उतरवून घ्या.’’

पत्र लिहिणे प्राप्त झाले. पहिला मसुदा तीन पानांचा उतरला. त्यात क्षमायाचना होती, अकरा वर्षांच्या निष्ठेचे दाखले होते आणि शेवटी ‘मला समजून घ्यावे’ एवढीच विनंती. पत्नीने तो वाचून विचारले, ‘‘हे वाचून अण्णांनी उद्या सकाळी नेमके काय करायचे?’’ त्याच्यापाशी उत्तर नव्हते. मनात भय वेगळेच होते. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ अशी कुजबुज बाजारात पसरली, तर हिशेबाच्या चाव्या त्याच्या हाती कोण ठेवणार?

दुसरा मसुदा एका पानात मावला.

‘मा. व्यवस्थापक यांस सप्रेम नमस्कार. तीव्र चिंताविकारावर माझे उपचार सुरू आहेत. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. झोप अपुरी असल्याने घाईच्या कामात माझ्याकडून चूक होण्याचा संभव आहे. म्हणून सहा आठवड्यांपुरती तीन कामांत सवलत मिळावी. वसुलीचे फोन अन्य सहकाऱ्याकडे द्यावेत. जीएसटीची विवरणपत्रे मी मुदतीच्या तीन दिवस आधी तयार करीन. अंतिम तपासणी दुसऱ्याने करावी. सायंकाळी सहानंतर मला थांबवू नये. खरेदीच्या नोंदी, बँकेचा ताळमेळ व सर्व देयके मी पूर्वीप्रमाणेच सांभाळीन. सहा आठवड्यांनी आपण बसून फेरविचार करावा. आजाराचे नाव आपल्यापुरतेच ठेवावे, ही विनंती.’

औषधांची नावे त्यात नव्हती, घरच्या अडचणीही नव्हत्या. मुदत मात्र होती आणि ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून ठरली होती. ‘बरे वाटेपर्यंत’ असे लिहिले असते, तर व्यवस्थापकांना बदली व्यवस्था किती दिवसांची करायची हेच कळले नसते.

अण्णांनी पत्र वाचले, घडी घातली आणि विचारले, ‘‘पगार कमी करायचा का?’’ प्रश्न त्याला झोंबला. तरी तो शांतपणे म्हणाला, ‘‘नाही अण्णा. काम कमी होणार नाही, त्यातली घाई कमी व्हावी एवढेच मागतोय.’’

दोन दिवसांनी लेखी उत्तर आले. फोन काढून घेतले होते. विवरणपत्रांची तपासणी अण्णांनी स्वतःकडे घेतली होती: महिन्याच्या ११ तारखेचे विक्रीचे विवरणपत्र ८ला आणि २० तारखेचे कराचे विवरणपत्र १७ला त्यांच्या टेबलावर यावे. सहाची सवलत मात्र त्या दोन तारखांच्या आदल्या दिवशी मिळणार नव्हती. मागितले होते त्याहून हे कमी होते. पण निभावणारे होते.

तिसऱ्या आठवड्यात कुरबुर उठली. वसुलीचे फोन अंगावर आलेला तरुण म्हणाला, ‘‘यांनाच सवलत का?’’ अण्णांनी एवढेच सांगितले, ‘‘प्रकृतीच्या कारणाने, मुदतीपुरती व्यवस्था आहे.’’ मात्र त्या तरुणाकडील जावकनोंदीचे काम त्यांनी दुसऱ्याकडे दिले. एकाचे ओझे उतरवून मुकाट्याने दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवले असते, तर राग आजाऱ्यावर निघाला असता.

सहावा आठवडा संपला तेव्हा त्याला सलग पाच तास झोप लागत होती. बेरीज तो दोनदाच तपासत होता. सायंकाळची सवलत त्याने आपण होऊन सोडली. फोनचा विषय निघताच हात पुन्हा थरथरला. अण्णांनी तो पाहिला आणि मूळ पत्राच्या समासात पेन्सिलीने लिहिले: ‘फोन, आणखी चार आठवडे.’ मग पत्र फायलीत न लावता स्वतःच्या खणात ठेवले आणि किल्ली फिरविली.