शर्यतीची कॉफी

मंचेरियलची फिल्टर कॉफी मला आवडते, पण शर्यतीच्या हिशोबाला ती चालत नाही. पुडीत चिकोरी किती यावर कॅफीन ठरते, कारण चिकोरीत ते नसतेच. शिवाय डिकॉक्शन रोज सारखे दाट उतरत नाही. चिकोरी नसलेली इन्स्टंट पावडर काट्यावर तोलून घ्यावी. तिच्यात साधारण ३ टक्के कॅफीन असते, म्हणजे २ ग्रॅममध्ये ६० मिलिग्रॅम.

*

वजनाच्या किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम ही अभ्यासांतली नेहमीची मात्रा. हौशी धावपटूने ३ वरच थांबावे असे माझे ठाम मत आहे. ९ पर्यंत गेल्याने वेग वाढत नाही. हात थरथरतात, छाती धडधडते, पोट ढवळते.

*

मुंबई मॅरेथॉन, सुटण्याची वेळ पहाटे ५. धावपटू ६० किलोचा, साडेचार तासांत संपवणारा. त्याची मात्रा १८० मिलिग्रॅमच्या आसपास. चारला ४ ग्रॅम पावडरची कॉफी घेतली की १२० झाले. ते तासाभरात रक्तात चढते. आठला तो २८व्या किलोमीटरवर असतो. निम्मे कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे तेव्हा त्यातले सत्तरेक उरलेले असते. इथे ५० मिलिग्रॅमचे जेल पाण्याबरोबर घ्यावे. पेडर रोडचा चढ पस्तीस किलोमीटरनंतर येतो, तोवर ते लागू पडलेले असते. सगळे सुरुवातीलाच घेणे मला पटत नाही. थकव्याचा निरोप मेंदूला देणाऱ्या अॅडेनोसिनची जागा कॅफीन अडवते, आणि त्याची खरी गरज शेवटी पडते.

*

कॉफीने पोट साफ व्हायची घाई होते. चारला प्यायची तर शौचालय जवळ हवे.

*

शर्यतीआधी चहा-कॉफी बंद करावी, म्हणजे असर वाढतो, असे पुष्कळजण सांगतात. रोज पिणाऱ्या सायकलपटूंवर २०१७ साली ब्राझीलमध्ये चाचणी झाली. त्यांनाही कॅफीनचा फायदा इतरांइतकाच झाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र, चार आठवडे रोज कॅफीन दिल्यावर फायदा ओसरलेला दिसला. वाद मिटलेला नाही. पण शुक्रवारी सोडलेल्या चहाची डोकेदुखी एक-दोन दिवसांनी ऐन भरात येते, म्हणजे नेमकी रविवारी. त्यामुळे रोजचा कप चालू ठेवावा.

*

सवय करायची ती पोटाला. गोदावरीकाठच्या लांब पल्ल्याच्या सरावात हीच पावडर, हेच जेल, याच अंतराने घेऊन पाहावे. नेहमीच्या वेगात नाडी नेहमीपेक्षा बरीच वर राहिली किंवा मळमळ झाली, तर मात्रा कमी करावी.

*

डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते. तेही हिशोबात धरावे. रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

*

२००४ पासून कॅफीन बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत नाही. त्याआधी लघवीत मिलिलिटरमागे १२ मायक्रोग्रॅमच्या वर सापडले तर खेळाडू दोषी ठरत असे.