बत्तीस दातांची खतावणी

झाशीच्या जुन्या तटाच्या दरवाजांना त्यांच्या रस्त्यांनी नावे दिली आहेत. दतियाकडे जाणारा तो दतिया दरवाजा, ओरछ्याकडे जाणारा तो ओरछा दरवाजा. आमचे बिऱ्हाड या दतिया दरवाजाजवळ आहे. बदलीच्या नोकरीत हे आमचे चौथे गाव. प्रत्येक बदलीत सामानाबरोबर एक निळी फाईलही आमच्यामागून हिंडत आली. तीत सौभाग्यवतींच्या दातांचे कागद असत. 2009 सालच्या भोपाळच्या चिठ्ठीपासून 2022 सालच्या झाशीच्या पावतीपर्यंत एकूण 31 कागद तारखेच्या क्रमाने टाचून आम्ही व्यवस्थित ठेवले होते, आणि त्या व्यवस्थितपणाचा आम्हांला थोडा अभिमानही होता.

2024 च्या हिवाळ्यात सौभाग्यवतींच्या खालच्या उजव्या दाढेत ठणका लागला. दरवाजाच्या आत जवळच एक तरुण दंतवैद्य बसतात. त्यांच्यापुढे आम्ही फाईल ठेवली. त्यांनी पाच-सहा पाने उलटली आणि नम्रपणे म्हणाले, “बाबूजी, यह तो रोज़नामचा है. मुझे तो यह जानना है कि इस दाँत का क्या हुआ.”

आम्ही आयुष्यभर लेखाविभागात काम केलेले! रोजकीर्द आणि खतावणी यांतला फरक आम्हांला कोणी परक्याने सांगावा, याची लाज वाटली. व्यवहार घडतो त्या दिवशी तो रोजकीर्दीत उतरतो. पण अमक्याचे येणे किती आणि देणे किती, हे रोजकीर्द कधीच सांगत नाही. त्यासाठी प्रत्येकाच्या नावे खाते उघडून नोंद तेथे वळवावी लागते. पेशवे दप्तरातल्या रोजकीर्दी चाळणारांना हा अनुभव नवा नाही. दंतवैद्याची टिपणे ही रोजकीर्दच असते, आणि दाढ मात्र खातेदार असते.

त्या रात्री आम्ही एक आखीव वही घेऊन बसलो. प्रत्येक दाताला एक पान दिले, आणि दात साफ करण्यासारख्या कामांसाठी ‘सर्व तोंड’ असे एक वेगळे खाते उघडले. रकाने सहा ठेवले : तारीख, गाव, दाताची बाजू, काम, मूळ कागदाचा क्रमांक आणि बाकी. एका कागदावर दोन दातांचे काम असले की त्याच्या दोन नोंदी करायच्या, हा पहिला नियम. अशा रीतीने 31 कागदांच्या 52 नोंदी झाल्या आणि 14 खाती उघडली गेली. कागदाचा क्रमांक प्रत्येक ओळीत लिहायचा, म्हणजे शंका येताच मूळ कागद काढता येतो; तो नसेल तर खतावणी ही निव्वळ ऐकीव गोष्ट ठरते.

दुसरा नियम आम्ही चुकीतून शिकलो. जबलपूरच्या एका चिठ्ठीवर एका दाढेपुढे ‘रूट कॅनाल’ असे दोनच शब्द होते. आम्ही ते केलेले काम म्हणून लिहिले. नंतर पाहिले तो त्यापूर्वी ‘ॲडव्हाइस्ड’ या शब्दाचे लघुरूप होते. म्हणजे ते सुचवलेले काम होते, केलेले नव्हे. तेव्हापासून आम्ही प्रत्येक नोंदीपुढे ‘केले’, ‘सुरू’, ‘सुचवले’ यांपैकी एक शब्द लिहू लागलो. सुचवलेले व अर्धवट काम बाकीच्या रकान्यात जाते, पुरे झालेले जात नाही.

आता क्रमांकांची गोष्ट. भोपाळचे वैद्य जुन्या पद्धतीने लिहीत. कागदावर एक फुली काढायची आणि तिच्या चार कोपऱ्यांत जबड्याच्या चार बाजूंचे दात मधल्या दातापासून 1 ते 8 असे मोजायचे. ही पद्धत व्हिएन्नाच्या झिग्मोंडी यांनी 1861 साली सुचवली. रुग्ण आपल्या समोर बसला आहे असे मानून ती वाचायची, म्हणून कागदाची डावी बाजू ही रुग्णाची उजवी असते. पुढच्या गावांतल्या वैद्यांनी दोन अंकांची आंतरराष्ट्रीय पद्धत वापरली होती, जी 1970 च्या दशकाच्या आरंभी रूढ झाली. तीत पहिला अंक बाजू सांगतो : वरची उजवी 1, वरची डावी 2, खालची डावी 3, खालची उजवी 4. दुसरा अंक दाताचा. म्हणून खालच्या उजवीकडची पहिली दाढ 46 आणि डावीकडची 36. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी मात्र सावध असावे. तेथे 1 ते 32 असे सरळ क्रमांक लावतात, आणि त्यांचा 14 व आमचा 14 हे दात तोंडाच्या विरुद्ध बाजूंना आहेत.

सगळे क्रमांक दोन अंकी केल्यावर आम्ही खाती तपासू लागलो आणि 36 च्या पानावर अडखळलो. भोपाळ, 2009 : दाढ काढली. जबलपूर, 2013 : दाढेत सिमेंट भरले. काढलेल्या दाढेत सिमेंट कोण भरील? रोजकीर्दीत या दोन नोंदींमध्ये अनेक पाने होती, म्हणून विसंगती कधी दिसली नव्हती. एका पानावर येताच ती ओरडू लागली. सौभाग्यवतींना विचारले, तर त्या म्हणाल्या, “अहो, काढली ती डावीकडचीच. मला चांगले आठवते आहे.” वैद्यांनी संपूर्ण जबड्याचा क्ष-किरण फोटो काढला तेव्हा खुलासा झाला. पहिली दाढ काढल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी दाढ, म्हणजे 37, वर्षानुवर्षे पुढे कलत आली होती. जबलपूरच्या वैद्यांनी तिलाच पहिली समजून क्रमांक लावला होता. आम्ही सिमेंटची नोंद 37 च्या खाती वळवली आणि शेजारी कारण लिहिले. मूळ चिठ्ठीवरचा 36 मात्र खोडला नाही. रोजकीर्दीत खाडाखोड करायची नसते.

पण खरी परीक्षा 46 ची होती. तिचे खाते असे होते :

4 फेब्रुवारी 2019, प्रयागराज : रूट कॅनाल सुरू, दाढ उघडली.
11 फेब्रुवारी 2019 : नळ्या साफ केल्या.
20 फेब्रुवारी 2019 : नळ्या भरल्या, वर तात्पुरते सिमेंट. पुढील खेपेस पक्के सिमेंट व टोपी.

यापुढे काही नाही. मार्चमध्ये बदलीचा हुकूम आला होता. बारदाने बांधता बांधता ‘पुढील खेप’ राहून गेली, आणि फाईलमध्ये तिच्यावर दुसरे कागद चढत गेले. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांपुरते असते. पुढे ते झिजते, कडेने लाळ आत झिरपते, आणि तिच्याबरोबर जंतू भरलेल्या नळ्यांपर्यंत पोहोचतात. शिवाय उघडून पोखरलेल्या दाढेच्या भिंती पातळ होतात. त्यांना टोपीने बांधले नाही तर चावण्याच्या जोराने त्या फाटतात. आणि नस काढलेली असल्यामुळे दाढ आतून दुखत नाही. ती गप्प बसते, आणि माणसाला वाटते की खाते चुकते झाले!

तरीही एक आशा होती. 2022 च्या झाशीतल्या एका छापील पावतीवर नुसते ‘6, फिलिंग’ असे होते. लिहिणाराने फुली काढली असेल, पण टंकलेखकाच्या हातून फुली गळाली आणि उरला एकटा 6. तोंडात सहा क्रमांकाच्या दाढा चार असतात. त्यांतली 36 काढलेली, म्हणजे उरल्या तीन. ही नोंद 46 च्या खाती टाकली असती तर पक्के सिमेंट झाले असे ठरून अर्धी बाकी आपोआप मिटली असती. मोह मोठा होता. सौभाग्यवतींना बाजू आठवेना. शेवटी आम्ही लेखाविभागाचा जुना उपाय केला : उचंत खाते. ज्या नोंदीचा धनी ठाऊक नाही ती तेथे थांबते. अंदाजाने कोणाच्याही नावे पडत नाही. शेजारी लिहिले, ‘तोंडात पाहून ठरवावे.’

वैद्यांनी वही वाचली, आरसा घेतला आणि पाहिले. पांढरे पक्के सिमेंट वर उजवीकडच्या 16 मध्ये होते. 46 मध्ये 2019 च्या तात्पुरत्या सिमेंटचा झिजका तुकडा होता आणि त्याखाली मधोमध तडा. तडा मुळे दुभंगतात त्या तळापर्यंत गेला होता. एवढा खोल तडा गेलेली दाढ पुन्हा रूट कॅनाल करूनही टिकत नाही. ती काढावी लागली.

सौभाग्यवती घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सरकारचे पै-पैचे येणे तुम्ही बदलीच्या आदल्या दिवशीसुद्धा सोडले नाहीत. माझे एवढे राहिले.” याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. कागद सगळे होते, एकही गहाळ नव्हता, आणि तरी जे विचारायला हवे होते ते एकाही कागदाला विचारता येत नव्हते. ती खतावणी बदलीच्या वेळी असती, तर बाकीचा रकाना वाचायला दोन मिनिटे लागली असती.

रात्री 46 च्या पानावर आम्ही शेवटची ओळ लिहिली : दाढ काढली, झाशी, 2024. बाकीच्या रकान्यात शून्य लिहिण्यास लेखणी उचलली, तेवढ्यात समोरचे 36 चे पान दिसले. डावीकडची जागा रिकामी ठेवली म्हणून 37 कलली होती. उजवीकडे 47 तेच करणार. म्हणून शून्य खोडले नाही, लिहिलेच नाही. त्या जागी लिहिले : ‘जखम भरल्यावर, तीन महिन्यांनी, मोकळ्या जागेचा निर्णय करून घेणे. बदली झाल्यास निघण्यापूर्वी हे पान वाचणे.’

वही आता निळ्या फाईलच्या वर असते. पुढचा हुकूम कोणत्या दरवाजाने बाहेर नेईल ते सांगवत नाही. सामान बांधताना ही वही शेवटी बांधायची, असे सौभाग्यवतींनी सांगून ठेवले आहे.