चौविहार, इसबगोल आणि एक नाजूक दुखणं



आजचं दुखणं असं आहे की पंधरा दिवस मी ते ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

गेल्या पर्युषणात अठाई केली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. पारणं सुखरूप झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी शौचाला बसले तर नुसता खडा. जोर केला आणि काचेने चिरावं तशी कळ आली. धुताना पाण्यात लालभडक रक्त दिसलं. कळ दोन तास थांबली नाही. सामायिकाची ४८ मिनिटं आसनावर बसणं अशक्य झालं.

भीतीने दुसऱ्या दिवशी गेलेच नाही. तीच चूक. मळ जितका आत थांबतो तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो आणखी कडक होतो. मग तीच चीर पुन्हा उकलते.

दारव्ह्यातल्या मैत्रिणीने ‘मूळव्याध’ म्हणून एकाचा पत्ता दिला. त्याने नीट न बघताच, "उद्या या, कापून टाकू," म्हटलं. मी घाबरून परतले. मग सुनेने यवतमाळला एका सर्जनबाईंकडे नेलं. त्यांनी हलकेच बाजूला करून पाहिलं. दुखत होतं म्हणून बोट घालून तपासणी केलीच नाही. म्हणाल्या, "ही मूळव्याध नाही, फिशर आहे. गुदद्वाराच्या कडेला मागच्या बाजूला चीर गेली आहे." मूळव्याधीत रक्त बहुधा न दुखता जातं. फिशरमध्ये दुखणं जास्त आणि रक्त थोडं असतं. दुखलं की आतला स्नायू आवळून बसतो, चिरेला रक्तपुरवठा कमी पडतो आणि ती भरून येत नाही. म्हणून औषधाची कामं दोन: मळ मऊ करणं आणि स्नायू सैल करणं.

मग त्यांनी विचारलं, "बाळंतपणं किती? टाके पडले होते का?" मी चकित. थोरल्याच्या वेळी फार फाटलं होतं, खूप टाके घातले होते. "मग लगेच ऑपरेशन नको," त्या म्हणाल्या. फिशरच्या ऑपरेशनमध्ये त्या आतल्या स्नायूचा थोडा भाग कापून तो सैल करतात. बहुतेकांची चीर त्याने भरते. पण आधीच दुबळा असलेला स्नायू कापला तर वायू किंवा मळ आवरत नाही, असं होऊ शकतं. ४० वर्षांपूर्वीचे टाके आज कामाला येतील हे मला कुठे ठाऊक होतं!

मला डिल्टियाझेमचं मलम दिलं, वाटाण्याएवढं दिवसातून दोनदा, कडेला लावायचं. शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायचं. बाराव्या दिवशी कळ गेली, पण मलम आठ आठवडे पुरं केलं. वरून बरं वाटतं तेव्हा चीर आतून कच्चीच असते.

खरी अडचण इसबगोलाची झाली. सगळे म्हणतात, रात्री झोपताना घ्या. आपला चौविहार! शिवाय पाणी कमी पडलं तर इसबगोल उलटा आतच घट्ट बसतो. मी दुपारी चारला दोन छोटे चमचे पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचे, वर आणखी एक पेला. सूर्यास्तापर्यंत पाण्याचे पेले वहीत मांडायचे. बी.कॉम. झाल्याचा एवढा तरी उपयोग! परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागले. मळ तरीही कडक होता, तेव्हा बाईंनी लॅक्टुलोजचं सिरप जोडलं. त्याने मळात पाणी धरून राहतं. सुरुवातीला पोट गुरगुरतं एवढंच.

कुणी अंजीर सुचवतं, ते आपल्यात चालत नाही. मी काळ्या मनुका सकाळी भिजवून दुपारी खाल्ल्या. आठम-चौदसला हिरवी भाजी नसते, तेव्हा सालीसकट मूग आणि ज्वारीची भाकरी.

माझ्या जावेचं मात्र असं सुटलं नाही. वर्षभर चीर बरी व्हायची, पुन्हा उकलायची. बाहेर कातडीचा कोंब आला होता. आठ आठवडे मलम लावूनही फरक पडेना. तिचं बाळंतपण सिझेरियनने झालं होतं, स्नायू शाबूत होता. तिचं ऑपरेशन केलं, दुसऱ्या दिवशी घरी आली. पहिल्याच शौचाला म्हणाली, जुनी कळ गेली. माझं तसं राहिलं असतं तर बाई आधी स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देणार होत्या. त्याने तो काही महिने सैल राहतो आणि कापावं लागत नाही.

चीर भरल्यावर बाईंनी मला कोलोनोस्कोपीही करायला लावली. साठीनंतर रक्त गेलं तर नुसत्या फिशरवर थांबू नये, आतली गाठ लपलेली असू शकते, असं त्यांचं म्हणणं. काळा मळ, वजन घटणं, चीर बाजूला असणं, ताप आणि सूज, यातलं काही असेल तर तर लगेच दाखवायचं. माझं सगळं नितळ निघालं.

यंदा अठाईऐवजी एकासणं करणार आहे. इसबगोलाचा डबा आताच स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला आहे.